चिक्कीचा हिशेब: दाणे, गूळ आणि ट्रेमधल्या वड्या

शेंगदाण्याच्या चिक्कीला गूळ किती घ्यायचा, असे चार घरांत विचारले तर चार उत्तरे मिळतात. कुणी ‘वाटीला वाटी’ म्हणते, कुणी ‘वाटीला पाऊण वाटी’, कुणी ‘दाण्याच्या निम्मा’, तर कुणी ‘अंदाजाने’. गंमत म्हणजे या चारही घरांतली चिक्की चांगली होत असते. संक्रांतीला घरच्यापुरती एक थाळी थापायची असेल, तर एवढ्यावर भागते. पण त्याच घरातल्या बाईला ‘दोनशे ग्रॅमची पन्नास पाकिटे द्याल का’ अशी ऑर्डर आली, की वाटी कामाची राहत नाही. कच्चे दाणे किती आणायचे, गूळ किती फोडायचा, एका ट्रेमध्ये किती वड्या पडतील आणि त्यांतल्या किती पाकिटात घालण्याजोग्या असतील, हे आधीच माहीत असावे लागते.

वाटीचा घोटाळा कुठे होतो? साधारण १५० मिलीच्या वाटीत भाजून सोललेले दाणे भरले तर ते ९५ ग्रॅमच्या आसपास भरतात. दाणे दाबून भरता येत नाहीत, त्यामुळे या वजनात फारसा फरक पडत नाही. गुळाचे तसे नाही. किसलेला गूळ हलक्या हाताने भरला तर वाटीत ८०-९० ग्रॅम बसतो आणि बोटांनी दाबत भरला तर १३० ग्रॅमच्याही पुढे जातो. म्हणजे ‘वाटीला वाटी’ म्हणणाऱ्या दोघींपैकी एकीच्या चिक्कीत गूळ दाण्यांहून कमी असतो आणि दुसरीच्या चिक्कीत दाण्यांच्या सव्वापटीहून जास्त. म्हणून चिक्कीत दोन्ही जिन्नस वजन करूनच घ्यावेत, आणि दाणे भाजून, सोलून, पाखडून झाल्यावर तोलावेत.

तोलण्याची वेळही महत्त्वाची आहे. कच्चे दाणे मंद आचेवर भाजले की त्यांतले पाणी जाते, चोळल्यावर लालसर साल निघते, डाळ होताना टोकाचा कोंब सुटतो, आणि काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून बाजूला काढावे लागतात. असा एखादा खवट किंवा बुरशी लागलेला दाणा अख्ख्या वडीची चव घालवतो, त्यामुळे इथे हात आखडून चालत नाही. हे सगळे वजा जाता एक किलो कच्च्या दाण्यांतून साधारण ९०० ग्रॅम तयार दाणे हाती येतात. घुंगरू दाण्यासारखा लहान, गोलसर दाणा घेतला तर वजनाच्या मानाने साल जास्त निघते आणि घट थोडी वाढते. कच्च्या दाण्याच्या वजनावर गूळ ठरवणाऱ्याचा गूळ मग आपोआप दहा टक्क्यांनी वाढून बसतो.

आता मुख्य प्रश्न. गूळ चिक्कीत करतो काय? गोडी देतो हे खरे, पण त्याआधी तो दाण्यांच्या मधल्या फटी भरतो आणि दाणे एकमेकांना धरून ठेवतो. या फटी किती असतात, हे कुणालाही घरात मोजता येते. लिटरभराच्या भांड्यात दाण्यांच्या डाळ्या काठोकाठ भरल्या, तर त्यांचे वजन सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम भरते. त्याच भांड्यात वरून पाणी ओतत गेले तर ते काठाशी येईपर्यंत साडेतीनशे ते चारशे मिली पाणी आत जिरते. म्हणजे वरून गच्च भरलेल्या दिसणाऱ्या त्या भांड्यात एक तृतीयांशाहून जास्त जागा रिकामीच असते. चिक्कीत पाण्याच्या जागी पाक येतो. थंड होऊन काचेसारखा कडक झालेला गुळाचा पाक पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो, म्हणून सगळ्या फटी भरायच्या तर दर शंभर ग्रॅम दाण्यांमागे सुमारे ९० ग्रॅम गूळ लागतो.

त्या नव्वदच्या आकड्यावरून बाकीची सारी प्रमाणे उलगडतात. शंभराला शंभर गूळ घेतला तर तो फटींच्या मानाने जास्त होतो. दाणे एकमेकांपासून दूर सरकतात आणि वडीच्या कापलेल्या कडेवर निव्वळ गुळाचे पिवळसर-तपकिरी पट्टे दिसू लागतात. अशी वडी दिसायला चकचकीत असते, पण चावताना दाताला दगडासारखी लागते. शंभराला साठ गूळ घेतला तर जवळजवळ एक तृतीयांश फटी मोकळ्या राहतात. दाणे जिथे जिथे एकमेकांना टेकतात तिथेच चिकटतात, आणि सुरी फिरली की कडेचे दाणे सुटून ट्रेमध्ये पडतात. शंभराला ऐंशी हे मधले प्रमाण. बहुतेक फटी भरतात, मधेमधे हवेचे बारीक कप्पे राहतात आणि त्यांच्यामुळेच वडी दाताखाली सहज तुटते. डाळ्यांच्या चिक्कीसाठी ७५ ते ८५ हा पट्टा सुखाचा. त्याच्या मध्यावरचे ८० म्हणजे पाच भाग दाण्यांना चार भाग गूळ, आणि लक्षात ठेवायलाही ते सोपे.

प्रमाण बरोबर असूनही चिक्की बिघडते, तेव्हा दोष बहुतेक वेळा पाकाचा असतो आणि आळ येतो प्रमाणावर. वडी वाकते, दाताला चिकटते, डब्यात एकमेकींना लगटते, म्हणजे गूळ जास्त झाला असा समज होतो आणि पुढच्या घाण्याला गूळ कमी केला जातो. मग चिक्की चिकटही होते आणि भुगाही होते. वास्तविक चिकटपणा सांगतो की पाकात पाणी राहिले. गूळ वितळून फसफसू लागला की त्याचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकून पाहायचा. आधी मऊ गोळी होते, मग ताणला तर तार येते, आणि शेवटी तो थेंब बोटांनी मोडल्यावर काचेसारखा ‘कट्’ करून तुटतो. चिक्कीचा पाक तो हाच. तापमापक असेल तर १४५ अंश सेल्सिअसच्या आसपासचा आकडा दिसेल. त्यापुढे गूळ झपाट्याने काळवंडतो, कडवट वास येतो आणि मग परतीची वाट नाही. पाक काठावर असताना आच कमी ठेवावी, ती एवढ्यासाठीच.

गूळ विरघळवताना घातलेल्या पाण्याची चिंता मात्र करू नये. खडे, काड्या गाळून काढण्यासाठी पळीभर पाणी घालून गूळ विरघळवला, तरी ते पाणी पाक होईपर्यंत उडून जाते. वेळ वाढतो, प्रमाण बदलत नाही. खुद्द गुळातले पाणी मात्र हिशेबात धरावे लागते. कोरड्या, कडक ढेपेत ते कमी असते, तर पावसाळ्यात ओल धरलेल्या गुळात बरेच जास्त. पाक होताना शंभर ग्रॅम गुळाचे ९० ते ९५ ग्रॅम उरतात. पुढच्या हिशेबात ९३ धरले आहेत. स्वतःच्या गुळाचा आकडा काढायचा, तर रिकामी कढई तोलावी आणि पाक झाल्यावर पुन्हा तोलावी. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण वखारीत पडून ओल धरलेली ढेप कोल्हापूरची असली तरी पाकाला वेळ खाणारच. महाराष्ट्रातल्या दुकानांत संक्रांतीच्या सुमारास ‘चिकीचा गूळ’ वेगळा मिळतो. तो जात्याच चिवट असतो, त्याच्या पाकात साखर रवाळ होत नाही, म्हणून तीळगुळाच्या लाडवांना आणि चिक्कीला लोक तो मागून घेतात. दमट हवेत तो लवकर पाझरतो, ही त्याची दुसरी बाजू.

आता ट्रे समोर घेऊ. आतल्या मापाने ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब, बेकरीत वापरतात तसा सपाट ट्रे. वडी ८ मिलिमीटर जाड हवी. ट्रेचे क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटर, त्याला ०.८ सेंटिमीटर जाडीने गुणले की ९६० घन सेंटिमीटर चिक्की लागेल. पाच-चार प्रमाणाच्या डाळ्यांच्या चिक्कीचा एक घन सेंटिमीटर साधारण १.१ ग्रॅम भरतो. म्हणजे ट्रेला एक किलोच्या किंचित वर माल हवा. ६०० ग्रॅम तयार दाणे, ४८० ग्रॅम गूळ आणि दोन चमचे तूप, हा तो घाणा. गुळाचा पाक होऊन सुमारे ४४५ ग्रॅम उरतो, कढईला आणि उलथण्याला १५-१६ ग्रॅम चिकटून राहते आणि ट्रेमध्ये १,०४० ग्रॅमच्या आसपास चिक्की उतरते.

ती पसरवायला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. दाणे गार असतील तर तेवढीही नाहीत. गार दाणे पाकात पडताच पाक त्यांच्याभोवती गोठतो, गोळे होतात आणि ट्रेच्या एका कोपऱ्यात जाडी १२ मिलिमीटर तर दुसऱ्यात ५ अशी गत होते. मग वड्यांची संख्या बरोबर आली तरी वजने एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून दाणे कोमट ठेवावेत, ट्रेला तूप आधीच लावून ठेवावे आणि लाटण्यालाही. जाडी सारखी यावी म्हणून एक साधी युक्ती आहे. ओट्यावर चिक्की लाटायची आणि दोन्ही बाजूंना हव्या त्या जाडीच्या लाकडी किंवा धातूच्या पट्ट्या ठेवायच्या. लाटणे पट्ट्यांवर टेकले की चिक्की त्याखाली दबत नाही. लोणावळ्यासारख्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर काम चालते तिथेही तत्त्व हेच, फक्त लाटण्याच्या जागी जड रूळ येतो आणि सुरीच्या जागी एका दांड्यावर ओळीने बसवलेली गोल पाती.

कापताना कडांचे काय करायचे ते आधी ठरवावे. ट्रेच्या कडेला चिक्की कधीच बरोबर दबत नाही, तिथे ती भुसभुशीत आणि ओबडधोबड राहते. चारही बाजूंनी अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापून काढला तर २९ बाय ३९ चा चौकोन उरतो. अर्धा सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण त्या कडांत पावणेसहा टक्के क्षेत्रफळ जाते, म्हणजे या घाण्यातले ६० ग्रॅम. उरलेल्या चौकोनाचे रुंदीत ६ आणि लांबीत १० भाग केले की ६० वड्या पडतात. प्रत्येक वडी पावणेपाच सेंटिमीटरहून किंचित जास्त लांब, चार सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंद आणि १६.३ ग्रॅम वजनाची. रेघा चिक्की गरम पण घट्ट झालेली असताना मारायच्या. फार लवकर मारल्या तर रेघा पुन्हा मिटतात, उशीर झाला तर सुरीखाली वडी आडवीतिडवी फुटते. वेळ साधली तरी साठांत दोन-तीन तुटतातच. पाकिटाच्या हिशेबाला ५७ वड्या धराव्यात.

इथपर्यंत सगळे छान जमलेले असते आणि पाकिटे भरताना गाडी अडते. पाकिटावर ‘निव्वळ वजन २०० ग्रॅम’ छापलेले. त्यात डझनभर वड्या घालायच्या, असे मनात धरलेले. बारा वड्यांचे वजन भरते १९६ ग्रॅम. चार ग्रॅम कमी म्हणजे छापलेल्या वजनापेक्षा माल कमी, आणि ते चालत नाही. तेरावी वडी घातली तर वजन २१२ होते आणि दर पाकिटामागे बारा ग्रॅम फुकट जातात. पन्नास पाकिटांत ते सहाशे ग्रॅम झाले, अर्ध्या ट्रेहून जास्त.

उपाय घाण्यातच आहे. बारा वड्या २०४ ग्रॅम भराव्यात, म्हणजे वडी १७ ग्रॅमची हवी. त्यासाठी ट्रेमध्ये कडांसकट १,०८३ ग्रॅम चिक्की उतरली पाहिजे. घाणा होतो ६२५ ग्रॅम दाणे आणि बरोबर अर्धा किलो गूळ. पाक ४६५ ग्रॅम, तूप १० ग्रॅम, कढईला चिकटलेले १७ ग्रॅम वजा. जाडी ८ वरून सव्वाआठ मिलिमीटरवर जाते, जी डोळ्याला कळतही नाही. ६२५ ग्रॅम तयार दाण्यांसाठी कच्चे दाणे ७०० ग्रॅम लागतील. पन्नास पाकिटांना ६०० वड्या, ट्रेमागे ५७ धरल्या तर दहा ट्रेंत ५७० होतात, म्हणून अकरा ट्रे. त्यांना कच्चे दाणे ७ किलो ७०० ग्रॅम आणि गूळ साडेपाच किलो. अकराव्या ट्रेतल्या जास्तीच्या वड्या घरात शिल्लक राहत नाहीत, हा अनुभव सगळीकडचा सारखाच आहे.

या सगळ्यात एक गोष्ट नजरेतून निसटते. वड्यांची संख्या गूळ-दाण्याच्या प्रमाणावर ठरत नाही. ती ट्रेच्या मापावर आणि सुरीच्या रेघांवर ठरते. तोच १,०८३ ग्रॅमचा ट्रे शंभराला शंभर प्रमाणाने केला तरी वड्या साठच पडतात आणि वडीचे वजनही १७ ग्रॅमच राहते. बदलते ते आतले. पाच-चारच्या ट्रेमध्ये दाणे ६२५ ग्रॅम होते, समसमान प्रमाणाच्या ट्रेमध्ये ते ५६५ उरतात. वडीमागे एक ग्रॅम दाणा कमी झाला आणि त्याची जागा गुळाने घेतली. गुळाचा पाक दाण्यापेक्षा जड असल्यामुळे तेवढ्याच वजनाची चिक्की थोडी पातळही होते, सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर.

बहुतेक हंगामांत दाण्यांचा भाव गुळाच्या दुपटीच्या पुढे असतो. तेव्हा करणाऱ्याला गुळाचा मोह का होतो हे सांगायला नको. खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि गुळात जवळजवळ नाहीतच, त्यामुळे चिक्कीतली प्रथिने दाण्यांबरोबरच वाढतात आणि घटतात. विकत घेताना पाकिटावरच्या घटकांच्या यादीत पहिले नाव कोणाचे आहे ते पाहावे, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. आणि वडीची कड उजेडात धरावी. दाण्यांमध्ये गुळाचे रुंद पट्टे दिसले तर प्रमाण समसमान किंवा त्याहून गुळाकडे झुकलेले आहे.

पाच-चारचे हे गणित डाळ्यांच्या चिक्कीचे. दाणे जाडसर कुटून केलेल्या, म्हणजे दुकानांत ‘क्रश’ म्हणून मिळणाऱ्या चिक्कीला ते लागू पडत नाही. कुटात मोठ्या तुकड्यांच्या मधल्या फटी लहान तुकडेच भरून काढतात आणि पाकासाठी जागा कमी उरते. शंभराला सत्तर गूळ तिथे पुरतो. मात्र कूट रव्याइतके जाडसर असावे. त्याहून बारीक केले तर दाण्याचे तेल सुटते, तेलकट पुडीला पाक धरत नाही आणि चिक्कीऐवजी वडीचा लाडू होऊन बसतो.

क्रश चिक्की पातळ लाटतात, साधारण ५ मिलिमीटर. ६२५ ग्रॅम कूट आणि ४४० ग्रॅम गुळाचा घाणा एक किलोच्या थोडा वर भरतो, आणि एवढ्या पातळ लाटल्यावर तो तसल्या एका ट्रेमध्ये मावत नाही. त्याला दीड ट्रेची जागा लागते. त्याच मापाच्या वड्या पाडल्या तर त्या ९० होतात, पण वडी भरते पावणेअकरा ग्रॅम. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात अशा १९ वड्या घालाव्या लागतात. पातळ वडी लवकर गार होते, म्हणून रेघा मारायला मिनिटभरही मिळत नाही आणि तुटीचे प्रमाण डाळ्यांच्या चिक्कीच्या जवळपास दुप्पट धरावे लागते. तुटलेले तुकडे आणि कापलेल्या कडा मात्र वाया जात नाहीत. त्यांत दाणे आणि गूळ घाण्याच्याच प्रमाणात असतात, त्यामुळे पुढच्या घाण्यात पाक उतरवण्याआधी कुटून टाकल्या तरी मूळ प्रमाण ढळत नाही. फक्त तेवढ्या वजनाने तो ट्रे जाड होतो, आणि ते वजन नव्या दाणा-गुळातून वजा करून घ्यावे लागते.